आईचं उलटं हसू

आई धुळ्याला होती तेव्हा आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज कूलरचा असे. तो बंद केला की मोटारींचा. पप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान जळगावच्या घराच्या पुढच्याच खोलीत होतं, आणि विहिरींवरून आलेल्या, जळून काळ्या पडलेल्या मोटारी आमच्या उंबऱ्यापर्यंत पसरलेल्या असायच्या. तांब्याची तार गुंडाळून झाली, वॉर्निश वाळलं, की पप्पा मोटार चालू करून कान लावून ऐकत. सरळ गुणगुण आली की मान डोलवत. आत कुठे घासतंय असं वाटलं की तोंडाने "चक्" करत आणि पुन्हा उघडायला घेत. वॉर्निशचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास आमच्या भाकरीलासुद्धा लागे. आई घरी असती तर तिने दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधला पडदा लावून घेतला असता. आम्हा दोघांना, पप्पांना आणि मला, तो पडदा लावायचं कधी सुचलंच नाही.

आई एसटीत कंडक्टर होती. तिचं आगार धुळं होतं, आणि बहुतेक दिवस तिला धुळे-साक्री गाडी असायची. पहाटेची पाळी असली की जळगावहून रोज जाणं-येणं शक्यच नव्हतं, म्हणून धुळ्यात तिने एक खोली घेतली होती. घरमालकीण नसीमखाला खाली शिलाईकाम करायच्या, वर आईची खोली आणि गच्ची. आई आठवड्याच्या सुट्टीला घरी येई. आली की पदर खोचून आधी वांगी भाजायला घेई. आमच्याकडे भरताची वांगी हिरवी, मोठी, आणि ती काट्याकुट्यांच्या जाळावर भाजली तरच त्यांना चव. आई ती अंगणात भाजायची, मग लाकडी बडगीत मिरची-लसूण-वांगं एकत्र ठेचायची, आणि तो दण दण आवाज ऐकून शेजारीपाजारी ओळखायचे, मंगलाताई आल्या. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेलेली असे आणि उरलेलं भरीत मी शाळेतून आल्यावर गार गारच खाई. ते संपवायला मी मुद्दाम वेळ लावायची.

बाकीचे सहा दिवस आई फोनमध्ये असे. आमचा तिघांचा एक ग्रुप होता. नाव पप्पांनी ठेवलेलं, 'आपलं घर'. आईला टायपिंगचा कंटाळा, पण चेहऱ्यांची तिला भारी हौस. साक्रीला गाडी लागली आणि परतीला वेळ असला की ती स्टँडवर बसून एकेक चेहरा बघत बसे आणि मला फोन करून विचारी, "सोनू, हा घाम पुसणारा कधी टाकायचा? हा डोळे मिटलेला झोपलाय का मेलाय?" त्यातच तिला एक दिवस तो उलटा चेहरा सापडला. साधाच पिवळा हसरा चेहरा, डोळे तेच, ओठांची वक्र रेघही तीच, फक्त डोकं खाली. आधी तिला वाटलं फोन बिघडला. तिने फोन फिरवून पाहिला, मग स्वतःची मान वाकडी करून पाहिली, आणि शेवटी ठरवलं की हे पोर झाडाला उलटं लोंबकळतंय. त्या दिवसापासून ती तो चेहरा सगळीकडे टाकायला लागली. "जेवण झालं 🙃" "गाडी वेळेवर पोचली 🙃" "सोनू अभ्यास कर 🙃". तिच्या हिशेबी ते मजेचं लक्षण होतं, आणि पप्पांच्याही. पप्पा म्हणायचे, "मंगला खूश शे. बघ ना, कोलांट्या मारी राह्यनी."

मग तिच्या आगारात एक गंमत झाली, जी तिला अजिबात गंमत वाटली नाही. बरोबरीच्या एका कंडक्टर बाईंनी मुलाच्या आजारपणासाठी पाळी बदलून मागितली. आईने मनापासून लिहिलं, "हो, मी करते ना तुमची ड्यूटी. मला काय काम असतं 🙃". त्या बाई चार दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी कँटीनमध्ये म्हणाल्या, "नसेल करायची तर सरळ नाही म्हणायचं, टोमणे कशाला मारायचे?" आई रडवेली होऊन मला फोनवर म्हणाली, "मी काय टोमणा मारला गं? मी तर हसले."

मी तेव्हा अकरावीत होते आणि कॉलेजच्या ग्रुपवर दिवसभर हेच चाललेलं असायचं, त्यामुळे या एका विषयात मी पंडित होते. त्या संध्याकाळी मी आमच्या जळगावच्या गच्चीवर बसून फोनवरच आईची शाळा घेतली. आज आठवलं की हसू येतं, किती गंभीरपणे शिकवलं मी. म्हटलं, "आई, हा चेहरा नुसता हसत नाही. हसतोय, पण सगळं उलटंपालटं झालंय आणि तरी हसतोय, असा आहे तो. वाक्य गोड असेल आणि प्रसंग कडू असेल, तेव्हा हा टाकला की लोक समजतात, जे लिहिलंय त्याच्या उलट मनात आहे. त्या बाईंनी तुझ्यावर काम टाकलं, तू लिहिलंस मला काय काम असतं, आणि खाली हा. झाला टोमणा."

"मग चांगल्या अर्थाने टाकूच नये?"

"टाकायचा ना. पण मग वाक्यसुद्धा वेडंच पाहिजे. उद्या सुट्टीऽऽ, मी नाचतेय, असं काहीतरी, सोबत जीभ काढलेला एखादा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा एखादा. त्या गर्दीत हा बसला की तो वेडेपणाचा होतो. पण साधं वाक्य, पुढे पूर्णविराम, आणि मग हा एकटाच उभा असला, की सावध व्हायचं."

फोनमध्ये आईच्या मागून नसीमखालांच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. "आणि माणूस बघून," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे कोण बोलतंय ते बघायचं ना. माझ्या गाडीत एक म्हातारा रोज म्हणतो, वा बाई, काय वेळेवर गाडी आणली. वेळेवर आणली त्या दिवशीही म्हणतो, उशिरा आणली त्या दिवशीही. तोंड बघितल्याशिवाय कळत नाही. तोंड बघितलं तरी त्याला रोज ओळखणारालाच कळतं."

मी शिकवायला बसले होते आणि हे मला सुचलंच नव्हतं. जो माणूस तो चेहरा येताजाता टाकतो, त्याच्या हातून आला तर काही विशेष नाही. जो कधी टाकत नाही, त्याने टाकला तर थांबून वाचायचं. मी म्हटलं, हो, तसंच. शिवाय मोठ्या माणसांना टाकू नकोस, ते साधं हसूच समजतात. "पप्पांना कळायचं नाही."

"त्यांना नको कळू दे," आई म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

त्यानंतर तिने तो चेहरा मोजूनमापून वापरायला घेतला, आणि इतका अचूक की माझ्या मैत्रिणींना जमला नसता. "गाडी साक्रीच्या अलीकडे बंद पडली. अर्धे प्रवासी माझ्यावर ओरडताहेत, अर्धे इंजिनावर. फार छान चाललंय. 🙃" पप्पा ते वाचून म्हणत, "चला, बरं चाललंय." मी तोंडावर ओढणी धरून हसायची. आमच्या दोघींचं असं एक खोपटं झालं त्या ग्रुपमध्ये, पप्पांच्या देखत. ती आठवड्यातून सहा दिवस नव्हती, पण तो उलटा चेहरा आला की वाटायचं, ती इथेच आहे, पप्पांच्या पाठीमागे उभी राहून मला डोळा मारतेय. त्या वयात मला आईची आठवण येते असं म्हणायची लाज वाटत असे. मैत्रिणींच्या आया त्यांना डबे करून देत, केसांना तेल लावत, रागावत. मला रागावायलासुद्धा कुणी नव्हतं. रागावायचं काम पप्पांना जमत नसे. ते फक्त मोटारीसारखा माझ्याकडेही कान लावून बसत.

आईने जळगावला विनंती बदलीचा अर्ज दिला होता, त्याला बरेच दिवस झाले होते. आम्हीच तिच्या मागे लागून द्यायला लावलेला. मी दर भेटीत विचारायची, "काय झालं अर्जाचं?" आणि ती म्हणायची, "होईल गं. जागा निघाली की होईल." थंडी सरत आलेली. पप्पा जेवायला बसले होते, मी त्यांना डाळ वाढत होते, आणि दोघांचे फोन एकदमच वाजले.

"बदलीची ऑर्डर आली. जळगाव. पुढच्या महिन्यापासून. 🙃"

पप्पा ताटावरून उठले. हात न धुताच त्यांनी मला जवळ घेतलं, माझ्या कुडत्याला डाळ लागली. "आली! माय, तुनी माय घर आली!" एरवी माझ्याशी साधं मराठी बोलणारे पप्पा फार आनंद झाला की आपल्या गावच्या बोलीत जात. तसेच ते चपला घालून पेढे आणायला गेले. मी हातात पळी घेऊन उभी. मलाही ओरडायचं होतं. पण माझी नजर त्या शेवटच्या चेहऱ्यावर अडली होती.

मी माझेच नियम लावून पाहायला लागले. बातमी चांगली, वाक्यही चांगलं. दोन्ही जुळत असतील तर चेहरा आनंदाचा. पण मग वाक्यात उडी कुठे होती? एक उद्गारचिन्ह नाही, एक नाचणारी बाई नाही. तीन तुकडे, तीन पूर्णविराम, आणि मग तो एकटा. आणि टाकणारी कोण, तर जी आता तो कधीच उगाच टाकत नव्हती. मी हिशेब कितीही वेळा मांडला तरी एकच उत्तर येत होतं, आणि ते उत्तर यायला एकच वाट होती: ही बातमी तिच्यासाठी चांगली नव्हती. मी तिला वेगळ्याने लिहिलं, "हा चेहरा म्हणजे कसा?" दोन निळ्या खुणा आल्या. बराच वेळ ती टाइप करताना दिसत राहिली, मग थांबली. उत्तर आलं, "रविवारी या दोघं. सामान बघायचंय." त्याच्यापुढे काहीच नव्हतं.

त्या रविवारी आम्ही धुळ्याला गेलो. पप्पांनी पेढ्यांचा वेगळा पुडा नसीमखालासाठी घेतला होता, तो मांडीवर धरून ते खिडकीशी बसले आणि एरंडोल, पारोळा येईल तसं मला सांगत राहिले की आता मधला पडदा बदलायचा, कूलर आतल्या खोलीत न्यायचा, दुकानातल्या जुन्या मोटारी भंगारात द्यायच्या. मी हो हो म्हणत होते. तोवर मी आईच्या खोलीवर फार तर दोनदा गेले असेन, तेही घाईत. आई आमच्याकडे यायची, आम्ही तिच्याकडे जात नसू. ती खोली म्हणजे आमच्या लेखी आई अडकून पडलेली जागा होती.

खोली पाहून मला ओळखीच्या माणसाचं नाव दुसरंच निघावं तसं झालं. एक खाट, एक गॅस, खिडकीत पुदिन्याचं डबडं. भिंतीला लागून ओळीने पुस्तकं: इतिहास, राज्यशास्त्र, मराठी. मुक्त विद्यापीठाची, बी.ए.ची, शेवटच्या वर्षाची. पानापानात तिकिटाच्या कागदाचे तुकडे खुणेला घातलेले. ती शिकतेय हे आम्हाला माहीत होतं, म्हणजे एकदा तिने सांगितलं होतं आणि पप्पा म्हणाले होते, "कर ना, वेळ जाईल तेवढाच." किती दूर आलीये हे कुणी विचारलं नव्हतं.

नसीमखाला वर चहा घेऊन आल्या. पेढा तोंडात टाकून त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ले जाओ बेटी अपनी मम्मी को. रोज शामको जोर जोर से पढती है, और मैं मशीन बंद करके सुनती हूँ. अब मेरे को कौन सुनाएगा?" आई पटकन म्हणाली, "खाला, चहा गार होतोय." पप्पा खाली मशीन बघायला गेले, खालांची मोटार आवाज करत होती आणि त्यांना राहवलं नाही. मी आणि आई गच्चीत आलो. खालांनी ज्वारीच्या बिबड्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्यामधून वाट काढत आम्ही कठड्याशी गेलो.

"तुला यायचं नाहीये," मी म्हणाले.

"येणार आहे मी. ठरलंय. सामान बांधायला घेतलंय."

"यायचं आहे का, विचारतेय."

ती रस्त्याकडे बघत राहिली. गणवेश नसताना ती मला नेहमी लहान वाटायची. "जूनमध्ये परीक्षा आहे," ती म्हणाली. "तिथे येऊनही देता येईल म्हणशील. येईल ना. पण सोनू, मी तुमच्याकडे आले की माझे चार तास माझे राहत नाहीत. कुणी हिसकावत नाही गं. मीच वाटून टाकते. भाकरी टाकते, तुझे कपडे बघते, दुकानात गिऱ्हाईक आलं तर पाणी देते. इथे ड्यूटीवरून आले की दार लावते आणि पुस्तक उघडते. लग्नाआधी असं एकदाच दार लावलं होतं, बारावीच्या परीक्षेला. पुढे लग्न ठरलं, कॉलेज राहिलं." मग ती म्हणाली, "तुमची आठवण येत नाही असं नाही. रात्री तर..." आणि वाक्य सोडून दिलं.

मला राग आला. आता वाटतं, तो राग नव्हता, पण त्या वेळी दुसरं नाव सुचलं नाही. म्हणाले, "मग तो चेहरा कशाला टाकलास? पप्पांसाठी सरळ हसरा टाकायचा होता. मला कळलंच नसतं. मी खूश झाले असते."

आई माझ्याकडे वळली. "तुला कळावं म्हणूनच टाकला," ती म्हणाली. "नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. तुमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून होतच नव्हती. पण खोटं हसायचंही जिवावर आलं. वाटलं, एकाला तरी कळावं. मग येईन, काही तक्रार न करता येईन. आणि खोटं नाहीये गं ते, आनंद झालाच आहे मला. फक्त सरळ झाला नाही."

मी त्या चेहऱ्यावर भाषण दिलं होतं तेव्हा म्हणाले होते, लिहिलंय त्याच्या उलट मनात असतं. गच्चीत मला कळलं की उलट नव्हे. हसू खरंच असतं, ओठांची रेघ कुणी पुसलेली नसते, पायाखालचं वर गेलेलं असतं एवढंच. आणि चारचौघांच्या ग्रुपमध्ये तो टाकणारं माणूस चौघांना उद्देशून टाकत नाही. ज्याला वाचता येतं त्या एकासाठी टाकतं. आईने सगळ्या जगातून मला निवडलं होतं, आणि जे वाचायला निवडलं होतं ते असं होतं की ती माझ्याजवळ येऊ इच्छित नव्हती. ही गोष्ट सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला पेलायला जड होती. मी रडले. आईने पुसलं नाही, बाजूला उभी राहिली. बरं केलं.

खाली जेवायला शेवभाजी होती, खालांनी मुद्दाम केलेली, तर्रीने लाल झालेली. पप्पा रुमालाने घाम पुसत, फुंकर घालत, खुशीत जेवत होते. मोटार दुरुस्त झाली होती, तिचं कौतुक ऐकत होते. मी अर्धी भाकरी मोडून तशीच बसले होते आणि मग म्हणाले, "पप्पा, आईला आत्ता यायचं नाहीये."

"अगं!" आई म्हणाली.

"तिला परीक्षा द्यायची आहे. इथे राहून. तुम्हाला सांगवत नाहीये तिला."

पप्पांनी घास खाली ठेवला. खाला पाण्याचं निमित्त करून उठल्या. पप्पा आईकडे बघत राहिले, आणि मला ती नजर ओळखीची होती; मोटार चालू करून कान लावायचे तसे ते तिच्याकडे लक्ष लावून बसले होते. आई ताटातल्या शेवेकडे बघत होती.

"पण तू हसली होतीस ना," ते म्हणाले. "मेसेजमध्ये."

"हसले होते," आई म्हणाली.

मग पप्पा म्हणाले, "परीक्षा केव्हा?"

"जूनमध्ये."

"विनंती बदली आहे. अर्ज मागे घेता येतो?"

"येतो. पण मग पुन्हा नंबर लागायला वर्षं जातील."

पप्पांनी भाकरीचा तुकडा तर्रीत बुडवला, तो तोंडापर्यंत नेला, पुन्हा ताटात ठेवला. "मग घे मागे," ते म्हणाले. "तू पास हो आधी. आम्ही काय, आहोतच."

पुढचं थोडक्यात सांगते. आई पास झाली, आणि जळगावला यायला तिला त्यानंतर बराच काळ लागला, इतका की ती आली तेव्हा मी शिकायला बाहेर पडले होते. एका घरात आई आणि मी पुन्हा सलग राहिलो नाही. आता ती नाही. आताची मुलं कुठले कुठले चेहरे पाठवतात, काहींचा अर्थ मला लागत नाही आणि ती तो सांगायला बसत नाहीत. कधी कधी जुन्या ग्रुपमध्ये वर वर जाते आणि तिचे निरोप वाचते. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी तिने नुसते बावीस-तेवीस चेहरे टाकलेत, एकही शब्द नाही, आणि त्या गर्दीत तो उलटाही आहे, वेड्यासारखा हसणारा.

त्या रविवारी परतीच्या गाडीत आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो. आई स्टँडवर सोडायला आली होती. गाडी सुटताना तिने सवयीने दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि कंडक्टर हसला. धुळं मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघतच पप्पांनी विचारलं,

"ती तिथे सुखात आहे ना गं?"

"आहे," मी म्हणाले.

"आपल्यावाचून?"

त्यांना खोटं सांगायचं नव्हतं, आणि मलाही.

"आपल्यावाचूनही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, आणि माझा हात आपल्या हातात घेऊन पारोळा येईपर्यंत तसाच धरून ठेवला.